राहुलाला विचारलेला पहिला प्रश्न

आपल्या शाळेच्या वसतिगृहात रविवारी सायंकाळी, आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत वस्तीतील विहारातही, एक लहानसा अभ्यासगट बसतो. आठ ते दहा माणसे, प्रत्येकाच्या हातात एका पानाचा धम्मपाठ आणि गट चालविणाऱ्याजवळ दहा-अकरा प्रश्नांचा एक कागद, एवढीच त्याची सामग्री. हा प्रश्नांचा कागद तयार करण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा या कागदाविषयीच लिहावे असे वाटले. येथून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आता आपापल्या गावी विहारात असे गट चालवितात, आणि पाठ निवडण्यापेक्षा प्रश्न लिहिणे अवघड जाते, असे त्यांच्या फोनवरील बोलण्यातून जाणवते.

आपला समाज ऐकण्यात तयार झालेला आहे. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन या निमित्ताने व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकतो, आणि त्या ऐकण्याने पिढ्या घडविल्या, हेही खरे. परंतु प्रवचनात ग्रंथ वक्त्याच्या हातात असतो. ग्रंथात काय आहे आणि वक्त्याने त्यात काय घातले, हे श्रोत्याला वेगळे करता येत नाही. अभ्यासगटात पाठ प्रत्येकाच्या मांडीवर असतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराच्या जवळही येऊ दिले गेले नाही, त्यांनी पानावर बोट ठेवून ‘येथे असे लिहिले आहे’ असे म्हणण्याला निराळे मोल आहे. प्रश्न चुकीचे असतील तर मात्र हाच गट अर्ध्या तासात पुन्हा प्रवचनाकडे वळतो. बोलणारा एक आणि माना हलविणारे नऊ, अशी त्याची अवस्था होते.

प्रश्नांचा क्रम मी तीन पायऱ्यांत लावतो. पाठात काय आहे, ही पहिली पायरी. त्याचा अर्थ काय, ही दुसरी. त्यावरून माझ्या जगण्यात काय बदलावे, ही तिसरी. निरीक्षण, अर्थबोध आणि आचरण अशी नावे त्यांना देता येतील. या स्वरूपातील मांडणी ख्रिस्ती अभ्यासमंडळांत बायबल वाचण्यासाठी फार रुळलेली आहे, आणि तिचे ऋण मानण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेतही श्रुतमय, चिंतामय आणि भावनामय अशा तीन प्रज्ञा सांगितल्या आहेत. ऐकून आलेली, विचाराने आलेली आणि अभ्यासाने अंगी बाणलेली असा त्यांचा क्रम. दोन्ही मांडण्या अगदी एक नव्हेत, तरी ऐकल्याशिवाय विचार नाही आणि विचाराशिवाय अंगी बाणणे नाही, ही शिस्त दोहोंत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटत नाही. साधन काय सांगते ते आधी नोंदवा, अनुमान मागाहून काढा, हेच आम्हाला एम.ए.च्या वर्गात शिकविले गेले.

उदाहरणादाखल एकच पाठ घेतो. मज्झिमनिकायातील एकसष्टावे सुत्त, अम्बलट्ठिक-राहुलोवाद. राहुलाला केलेल्या उपदेशाची इतरही सुत्ते आहेत, परंतु खोटे बोलण्यासंबंधीचे हेच. त्याची निवड करण्यामागे इतिहासाचे एक कारण आहे. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखात, जो भाब्रू शिलालेख म्हणून ओळखला जातो, संघाला उद्देशून सात धम्मपाठांची नावे दिली आहेत. त्या यादीतील शेवटचे नाव राहुलाला असत्यासंबंधी केलेल्या उपदेशाचे आहे. हे पाठ भिक्खू आणि भिक्खुणींनी वारंवार ऐकावेत व त्यांवर मनन करावे, आणि उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, अशी इच्छा सम्राटाने त्यात व्यक्त केली आहे. आपण करतो तो अभ्यास सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून सुचविलेला आहे, हे मुलांना सांगितले की ती कागद जरा सरळ करून बसतात.

सुत्त थोडक्यात असे. भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते आणि राहुल अम्बलट्ठिका येथे. सायंकाळी ध्यानातून उठून भगवान त्याच्याकडे गेले. त्यांना दुरून येताना पाहून राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भगवानांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि हे पाणी तुला दिसते का, असे राहुलाला विचारले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्यांना लाज वाटत नाही त्यांचे श्रमणत्व एवढेसेच असते, असे त्यांनी सांगितले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तेच सूत्र पुढे नेले. त्यानंतर राजाच्या युद्धातील हत्तीचा दृष्टांत येतो. हा हत्ती पाय, मस्तक, कान, सुळे, शेपूट सारे लढाईत वापरतो, पण सोंड जपून ठेवतो. तोवर त्याने जिवावर उदार होऊन लढायला सुरुवात केलेली नसते. सोंडही वापरू लागला की मग त्याला न करण्याजोगे काही उरत नाही. म्हणून थट्टेतही खोटे बोलू नये, असे शिकावे. शेवटी आरसा कशासाठी असतो, हा प्रश्न. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. तसेच कायेचे, वाणीचे आणि मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने माझी हानी होते का, दुसऱ्याची होते का, दोघांची होते का, असे तपासावे. एवढा पाठ सोप्या मराठीत एका पानावर बसतो. परिच्छेदांना एक ते आठ असे क्रमांक घालावेत. ‘पाचव्या परिच्छेदात पाहा’ असे म्हणता आले नाही तर गटाचा निम्मा वेळ शोधण्यात जातो.

प्रश्न लिहिण्याआधी मी पाठ तीन-चार वेळा वाचतो आणि डोळ्यांना दिसेल ते कोऱ्या कागदावर टिपत जातो. कोण, कोठे, केव्हा, काय केले, काय बोलले, कोणता शब्द पुन्हा आला, कोठे वळण आले. या सुत्तातून अशा वीस-पंचवीस नोंदी सहज निघतात. त्यांतील काही अशा: भगवान राहुलाकडे गेले, राहुलाला बोलावून घेतले नाही. दृष्टांतासाठी वापरलेले भांडे राहुलानेच पुढे ठेवलेले आहे. ‘लाज’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. भांड्याच्या चार अवस्था आहेत. आरशाच्या भागात तीन काळ आणि तीन द्वारे आहेत.

याच कागदाच्या उजवीकडे मी दुसरी यादी करतो: पाठात काय नाही. हे काम नेहमी टाळले जाते आणि सर्वांत उपयोगी तेच ठरते. या सुत्तात राहुलाचे वय दिलेले नाही. तो सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राहुल खोटे बोलला होता, असे या पालि सुत्तात कोठेही म्हटलेले नाही. लोक भगवानांना भेटायला येत आणि राहुल गमतीने त्यांना खोटेच सांगे, अशी कथा चिनी भाषेत जपल्या गेलेल्या एका ग्रंथात आढळते, पण ती या पाठातील नव्हे. दहा वाचकांपैकी बहुतेकांना मात्र राहुलाने काही लबाडी केली असणार आणि म्हणून भगवान त्याला समज द्यायला गेले, असे वाटतेच. मुलगा आणि वडील, शिष्य आणि गुरू समोरासमोर आले की आपण अपराध गृहीत धरतो. ते गृहीत उघडे पाडणारा प्रश्न पहिल्या पायरीवर नसेल, तर पुढची सारी चर्चा पाठात नसलेल्या घटनेवर चालते.

आता निरीक्षणाचे प्रश्न. त्यांची कसोटी एकच आहे: उत्तर देणाऱ्याला पानावर बोट ठेवता आले पाहिजे. ‘भगवानांनी राहुलाला किती सुंदर रीतीने समजावले?’ हा प्रश्न निरीक्षणाचा दिसतो, पण नाही. त्यात ‘सुंदर’ हा निर्णय प्रश्नकर्त्याने आधीच देऊन टाकला आहे. ‘भगवान राहुलाकडे का गेले?’ हाही नाही, कारण पाठ ते सांगत नाही. हा अर्थबोधाचा प्रश्न वेषांतर करून पहिल्या रांगेत बसला आहे. त्याऐवजी ‘पाण्याच्या भांड्याचे क्रमाने काय काय केले गेले? प्रत्येक वेळी राहुल काय म्हणाला?’ असे विचारावे. अशा प्रश्नाला ज्याला वाचता येते तो वाचून उत्तर देतो आणि ज्याला येत नाही तो ऐकून. विहारातील गटात अक्षरओळख नसलेल्या एक आजी बसतात. पाठ दोनदा मोठ्याने वाचला जातो, आणि भांड्याचा क्रम त्या कोणत्याही पदवीधराच्या आधी सांगतात. पहिल्या पाच मिनिटांत ज्याचा आवाज खोलीत उमटला तो माणूस पुढेही बोलतो. म्हणून पहिला प्रश्न सोपा असावा, पण बालिश नसावा. ‘सुत्त कोणत्या गावी घडले?’ असे विचारले की मोठ्या माणसांना परीक्षेला बसल्यासारखे वाटते आणि ती गप्प होतात.

‘राहुल खोटे बोलला, असे पाठात कोठे म्हटले आहे? शोधा’ हा प्रश्न मी मुद्दाम निरीक्षणाच्या शेवटी ठेवतो. दोन-तीन मिनिटे पाने चाळली जातात. मग कोणीतरी म्हणते, ‘सर, कुठेच नाही.’ या क्षणी गट पाठाकडे खऱ्या अर्थाने वळतो, कारण आपल्याला माहीत आहे असे वाटणारी गोष्ट पानावर नाही, हे प्रत्येकाला स्वतः सापडलेले असते.

अर्थबोधाच्या प्रश्नांसाठी मी एक नियम पाळतो. प्रत्येक प्रश्न निदान दोन निरीक्षणांवर उभा असावा, आणि ती निरीक्षणे आधीच्या प्रश्नांतून गटाने स्वतः काढलेली असावीत. उदाहरणार्थ, भांडे चार अवस्थांतून गेले हे एक निरीक्षण आणि प्रत्येक अवस्थेला तेच सूत्र जोडले हे दुसरे. यांवरून प्रश्न असा: ‘थोडे पाणी उरलेले भांडे आणि शेवटचे रिकामे भांडे यांत काय फरक आहे? पहिल्यावरच न थांबता भगवान पुढे का गेले असावेत?’ गटात याला एकाहून अधिक उत्तरे येतात. खोटेपणा टप्प्याटप्प्याने माणसाला रिकामा करतो, असे काहींना वाटते. कोणी म्हणतात, शेवटी भांडे उलथे आहे, पुन्हा भरता येईल असे आहे, म्हणजे पालथ्या भांड्यापेक्षा त्यात आशा आहे. दुसरे वाचन मला पाठाच्या शब्दांशी पूर्ण जुळणारे वाटत नाही, कारण तेथे भर रितेपणावर आहे. पण ते मी सांगत नाही. ‘त्या ओळीत कोणता शब्द आहे ते पुन्हा वाचा’ एवढेच म्हणतो. पाठ स्वतःचा बचाव करू शकतो. प्रश्न लिहिणाऱ्याने त्याला संधी द्यायची असते.

दुसरे उदाहरण अधिक बारीक आहे. केलेले कर्म अयोग्य होते असे नंतर लक्षात आले, तर कायेच्या आणि वाणीच्या कर्माबाबत गुरूंजवळ किंवा सुज्ञ सहकाऱ्यांजवळ ते उघड करावे, असे सुत्त सांगते. मनाच्या कर्माबाबत मात्र तसे म्हटलेले नाही. त्याची लाज बाळगावी, त्यापासून दूर व्हावे, एवढेच आहे. हा फरक घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. निरीक्षणात तो शोधून घेतला, तर ‘मनातील विचार दुसऱ्यापुढे उघड करायला का सांगितले नसेल?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. वसतिगृहातील मुलांना तो फार जवळचा वाटतो, कारण मोठी माणसे त्यांच्या मनातलेही विचारत असतात.

अर्थबोधाच्या पायरीवर सर्वांत मोठा धोका सूचक प्रश्नाचा. ‘म्हणजे थट्टेतले खोटेही वाईटच, असेच भगवानांना म्हणायचे आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका प्रश्नाला सगळ्यांची उत्तरे सारखी, आखूड आणि एका सुरात आली, तर ते उत्तर प्रश्नातच दडलेले होते असे समजावे. उलट, दीर्घ शांतता पसरली आणि सर्वजण गट चालविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागले, तर प्रश्नाला पाठात पाय नाहीत. मध्ये निरीक्षणाची एक पायरी घालायला हवी.

या सुत्ताच्या एका बैठकीत पालकांपैकी एका गृहस्थांनी जो विषय काढला, तो येथे नोंदवितो, कारण प्रश्नांचा क्रम कशासाठी असतो ते त्यावरून कळते. नोकरीच्या सुरुवातीला शहरात खोली शोधताना घरमालक आडनाव विचारीत आणि मग खोली आधीच दिली गेल्याचे सांगत. अशा तीन नकारांनंतर चौथ्या ठिकाणी त्यांनी दुसरेच आडनाव सांगितले आणि खोली मिळाली. ‘माझे भांडे रिकामे झाले का?’ असे त्यांनी विचारले. खोलीत कोणी हालले नाही. येथे उपदेश करणे सोपे होते आणि सांत्वन करणे त्याहून सोपे. गट चालविणाऱ्या बाईंनी दोन्ही टाळले. ‘आपण पहिल्या प्रश्नात लाजेविषयीचे शब्द शोधले होते, ते पुन्हा वाचू या,’ एवढेच त्या म्हणाल्या. ओळ वाचली गेली. तेथे जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसण्याविषयी म्हटले आहे. गृहस्थ म्हणाले, ‘लाज वाटली म्हणूनच तर वीस वर्षे लक्षात आहे.’ एक तरुणी म्हणाली, ‘दादा, लाज तुम्हांला का? ती त्या घरमालकाला वाटायला हवी होती.’ मग आरशाच्या भागातील तिहेरी कसोटी पुढे आली: माझी हानी, दुसऱ्याची हानी, दोघांची हानी. आडनाव लपविल्याने घरमालकाची काय हानी झाली? आपली काय झाली? पुढची खोली शोधणाऱ्या आपल्या माणसाची काय झाली? कोणी म्हणाले, लपविल्याने त्या मालकाचा समज तसाच राहिला. दुसऱ्याने विचारले, फुटपाथवर झोपून तो समज बदलणार होता का? एकमत झाले नाही, आणि व्हावे असा प्रयत्नही कोणी केला नाही. परंतु चाळीस मिनिटे आठ-दहा माणसे एका कठीण गोष्टीवर पान उघडे ठेवून बोलली. आधी निरीक्षण झालेले नसते, तर पहिल्याच मिनिटाला ‘धम्मात खोटे चालत नाही’ आणि ‘परिस्थितीपुढे इलाज नसतो’ अशा दोन फळ्या पडल्या असत्या.

तिसरी पायरी आचरणाची. तिचे प्रश्न दोनच असावेत आणि ते लिहिताना लेखणी सर्वांत सावकाश चालवावी. येथे दोन प्रकारे बिघडते. एक, प्रश्न इतका मोठा असतो की उत्तर भाषण होते. ‘आपण समाजात सत्य कसे रुजवू?’ असे विचारले की उत्तरे ‘आपण सर्वांनी’ या शब्दांनी सुरू होतात. हे शब्द कानी पडले की समजावे, प्रश्न कोणाच्याही अंगाला लागलेला नाही. आचरणाच्या प्रश्नाला ‘मी’ हा कर्ता, एक ठरावीक जागा आणि एक ठरावीक मुदत लागते: ‘येत्या सात दिवसांत, ज्या एका ठिकाणी माझ्या तोंडून सहज खोटे निघते, तेथे बोलण्यापूर्वी मी काय तपासीन?’ सात दिवस अशासाठी की पुढच्या रविवारी ते आठवता येते.

दुसरा बिघाड याच्या उलट आहे आणि निवासी शाळेत तो जास्त घातक ठरतो. प्रश्न इतका जवळ जातो की तो चौकशी होतो. ‘तू शेवटचे खोटे कोणाशी बोललास?’ हा प्रश्न मित्रांच्या गटात चालेल. गृहपाल समोर बसलेले असताना तेरा वर्षांच्या मुलाला विचारला, तर तो एक तर मुकाट होईल किंवा, असत्यावरच्या पाठात, एक नवे खोटे रचील. ज्याच्या हातात शिक्षा करण्याचा अधिकार आहे त्याने आचरणाचा प्रश्न तोंडी विचारू नये, असे आम्ही ठरविले आहे. मुले उत्तर चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी स्वतःच्याच खिशात ठेवतात. कोणाला सांगायचे असेल तर ज्याला त्याने निवडले त्याला सांगावे. याला आधार सुत्तातच आहे. उघड करायचे ते गुरूंजवळ किंवा सुज्ञ सहकाऱ्यांजवळ, आणि तेही स्वतः पाहून झाल्यावर. साऱ्या पाठात भगवान राहुलाला ‘तू खोटे बोललास का?’ असे एकदाही विचारत नाहीत. ते त्याच्या हाती आरसा देतात.

पंचाहत्तर मिनिटांच्या बैठकीत वेळेची वाटणी साधारण अशी ठेवतो: दोनदा वाचनाला दहा मिनिटे, निरीक्षणाला वीस, अर्थबोधाला तीस आणि आचरणाला पंधरा. वेळ कमी पडू लागला तर अर्थबोधातील एखादा प्रश्न गाळावा. निरीक्षणाला कात्री लावू नये आणि आचरणाची पंधरा मिनिटे तर मुळीच खाऊ नयेत. या पाठाचा सध्याचा कागद जसा आहे तसा देतो. ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा.

निरीक्षण
१. पाण्याच्या भांड्याचे क्रमाने काय काय केले गेले? प्रत्येक वेळी राहुल काय म्हणाला?
२. ‘लाज’ हा शब्द कोठे कोठे आला आहे? तो कशाविषयी आहे?
३. हत्ती कोणते अवयव वापरतो आणि कोणता राखून ठेवतो?
४. आरशाच्या भागात कर्म कधी कधी पाहायला सांगितले आहे? काया आणि वाणी यांच्या चुकीनंतर जे करायला सांगितले, तेच मनाबाबत सांगितले आहे का?
५. राहुल खोटे बोलला, असे पाठात कोठे म्हटले आहे? शोधा.

अर्थबोध
६. थोडे पाणी उरलेले भांडे आणि रिकामे भांडे यांत काय फरक आहे? पहिल्यावरच न थांबता भगवान पुढे का गेले असावेत?
७. हत्तीची सोंड आणि माणसाची लाज यांत पाठ कोणते साम्य दाखवितो?
८. कर्म करीत असतानाही पाहावे, असे का सांगितले असेल? अर्ध्यावर थांबता येते, यावरून माणसाविषयी काय कळते?
९. मनातील विचार दुसऱ्यापुढे उघड करायला का सांगितले नसेल?

आचरण
१०. येत्या सात दिवसांत, ज्या एका ठिकाणी माझ्या तोंडून सहज खोटे निघते, तेथे बोलण्यापूर्वी मी काय तपासीन? (लिहा, दाखवू नका.)
११. एखादी चूक उघड करावी असे वाटले, तर माझ्या आसपास सुज्ञ सहकारी कोण आहे? मी स्वतः कोणासाठी तसा आहे का?

कागद एकदा लिहिला म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक बैठकीनंतर मी प्रश्नांपुढे खुणा करतो: ज्यावर माणसे एकमेकांशी बोलली त्याला एक खूण, ज्याचे उत्तर माझ्याकडे पाहून दिले गेले त्याला दुसरी. दुसरी खूण दोन बैठकींत आलेला प्रश्न बदलतो किंवा काढून टाकतो. हत्तीचा सातवा प्रश्न सध्या याच कसोटीवर आहे. मोठ्यांच्या गटात तो चालतो, सहावी-सातवीच्या मुलांना सोंड राखण्याचा अर्थ चटकन लागत नाही, आणि त्यांच्यासाठी आधी ‘सोंड जखमी झाली तर हत्ती खाईल-पिईल कशाने?’ असा एक प्रश्न घालून पाहावा असे मनात आहे. पहिला प्रश्न मात्र आजवर बदलावा लागलेला नाही. तो मुळात माझा नाहीच. भांड्यात उरलेले पाणी दाखवून, हे दिसते का, असे राहुलाला जे विचारले गेले, त्याचेच ते मोठ्या गटासाठी केलेले रूप आहे.